बाई, तुम्ही जत्रेला या

बदलीचा आदेश आता लिफाफ्यातून येत नाही. तो मोबाइलवर पीडीएफ होऊन येतो, तोही बहुधा रात्री, आणि शेकडो नावांच्या यादीत आपलं नाव शोधावं लागतं. बालाघाटच्या डोंगरातल्या एका तांड्याजवळच्या जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंनी आपलं नाव असंच शोधलं. नावापुढे नव्या शाळेचं नाव होतं, तालुका दुसरा होता. सकाळी त्या नेहमीसारख्या शाळेत आल्या, परिपाठ घेतला, हजेरी घेतली, तरी दुपारपर्यंत सगळ्या पोरांना कळलं होतं. खिचडी शिजवणाऱ्या मावशींच्या मुलाच्या मोबाइलवर ती यादी बाईंच्या आधी पोचली होती.

शाळा पहिली ते चौथीची, द्विशिक्षकी. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी बाईंकडे. बाईंच्या खोलीत सतरा मुलं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलांवर लिहायचं म्हणून मी त्या भागात फिरत होतो. शाळेत पोचलो तेव्हा आदेश येऊन एक दिवस झाला होता आणि माझ्या प्रश्नांत कुणाला रस उरला नव्हता. ‘बाई कशानं चालल्या?’ हा एकच प्रश्न वर्गात होता. एका मुलीला वाटत होतं, गणिताच्या चाचणीत सगळ्यांना कमी गुण पडले म्हणून बाई रागावल्या. चौथीतला एक मुलगा ठामपणे सांगत होता की गावातल्या कुणीतरी तक्रार केली असणार.

खरं कारण दोन आकड्यांत होतं. शिक्षकांच्या जिल्हांतर्गत बदल्यांसाठी 27 फेब्रुवारी 2017 रोजी शासनाने नवं धोरण आणलं. त्यानंतर बदल्या संगणकावर होऊ लागल्या आणि 7 एप्रिल 2021 च्या निर्णयाने त्यांचे नियम पुन्हा बांधले गेले. सर्वसाधारण क्षेत्रात दहा वर्षं सेवा आणि चालू शाळेत पाच वर्षं झाली, की शिक्षक ‘बदलीपात्र’ ठरतो. अवघड क्षेत्रातल्यांना तीन वर्षांनी बदली मागण्याचा हक्क मिळतो. आजारपण, अपंगत्व, पती-पत्नी एकत्रीकरण यांच्यासाठी वेगळे संवर्ग आहेत. हे नियम झाले ते बरंच झालं. त्याआधी कुणाची बदली कुणाच्या ओळखीवर व्हायची, याच्या कहाण्या प्रत्येक शिक्षकाकडे आहेत. पण दहा आणि पाच हे आकडे तिसरीतल्या मुलाला कसे सांगायचे? सरांनी सांगून पाहिलं. मुलगा म्हणाला, “मंग आमी चौथी पास होस्तवर थांबा म्हणावं.” हे वाक्य बसेल असा रकाना त्या प्रणालीत नाही.

कार्यमुक्तीला चार दिवस होते. तेवढ्यात बाईंना जनरल रजिस्टर, दाखल्यांची फाइल, पोषण आहाराच्या तांदळाचा साठा असा सगळा चार्ज सरांकडे द्यायचा होता. गावाने शाल-श्रीफळ आणि साडी आणायचं ठरवलं. पोरांनी वर्गणी काढायची म्हटली, तर सरांनी ती थांबवली. “पैसे नकोत. काहीतरी करून द्या,” ते म्हणाले. कविता करायची हे चौथीतल्या मुलींनी ठरवलं.

सर तरुण आहेत, नोकरीला दोनच वर्षं झाली आहेत, स्वतः कविता करत नाहीत. पण त्यांना अष्टाक्षरी ठाऊक होती. पाठ्यपुस्तकातल्या कितीतरी कविता त्याच मापाच्या असतात आणि मुलांच्या कानाला ती बसलेली असते. एका ओळीत आठ अक्षरं, अशा चार ओळी, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचं यमक. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही, मात्रा मोजायच्या नाहीत, जोडाक्षर एकच धरायचं. सरांनी मोजायची रीतही सोपी केली. अंगठे दुमडायचे, दोन्ही हातांची मिळून आठ बोटं उरतात. शेवटचं बोट आणि शेवटचं अक्षर एकदम संपलं पाहिजे.

पहिलं कडवं पंधरा मिनिटांत झालं. फळ्यावर ते असं होतं:

तुम्ही ज्ञानाचा सागर
तुम्ही मायेची सावली
तुम्ही आमुच्या जीवनी
जणू दुसरी माउली

बोटं बरोबर संपत होती. यमकही चोख. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सर काही वेळ फळ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी जे विचारलं, त्यावर पुढची सगळी कविता उभी राहिली. ते म्हणाले, “ही कविता उद्या माझ्या निरोपाला चालेल का?” मुलं म्हणाली, चालेल. “मागच्या गुरुजींना चालली असती?” चालली असती. “शेजारच्या गावच्या बाईंना?” आता मुलं गप्प झाली. मग चौथीतली एक मुलगी उठली आणि तिने स्वतःच फळा पुसला.

निरोपाची कविता बिघडते ती इथेच. मी आजवर पाहिलेल्या अशा बहुतेक कविता या पहिल्या कडव्यापाशीच संपलेल्या होत्या. ज्ञानाचा सागर, मायेची सावली, दीपस्तंभ, कुंभार आणि माती, हे शब्द मोठ्यांनी मुलांच्या तोंडी देऊन ठेवलेले असतात. भाषणाच्या वहीत ते तयार असतात आणि वजनात बसतात म्हणून चटकन येतात. त्यात खोटं काही नसतं. फक्त त्यात जाणारं माणूस नसतं. फ्रेम करून भिंतीवर लावलेल्या अशा कवितेवरचं नाव झाकलं, तर ती कुणाची हे लिहिणाऱ्याला तरी ओळखता येईल का?

सरांनी वहीची पानं फाडून प्रत्येकाला एक तुकडा दिला. त्यावर बाई ‘कशा आहेत’ ते लिहायचं नाही, बाईंनी ‘काय केलं’ ते लिहायचं, आणि तेही स्वतः पाहिलेलं. ‘प्रेमळ’ शब्द आला तर चिठ्ठी परत. सुरुवातीला दोन-तीन चिठ्ठ्या खरंच परत गेल्या. ‘बाई चांगलं शिकवतात’ असं लिहिणाऱ्या मुलाला सरांनी विचारलं, “कधी कळलं तुला?” तो खूप वेळ विचार करून म्हणाला, “भागाकारात हातचा मी सारखा इसरायचो. बाई त्या दिवशी फळ्याजवळ गेल्याच नाहीत. माझ्याजवळ येऊन खालीच बसल्या.” हे त्याने लिहिलं. ते शेवटी कवितेत बसलं नाही, पण चिठ्ठी सरांनी ठेवून दिली.

सतरा चिठ्ठ्यांत कमीजास्त तेच तेच आलं असेल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. पाच मुलांनी स्कुटीच्या हॉर्नविषयी लिहिलं होतं. वळणावर बाई हॉर्न वाजवायच्या, कारण रस्त्यात शेळ्या असायच्या. मुलांसाठी तो शाळेच्या घंटेआधीचा इशारा होता. चौघांनी ऑगस्टमधल्या पुराच्या दिवसाविषयी लिहिलं. एका मुलीने वेणीविषयी. आणि तब्बल सहा जणांनी पालीविषयी. बाईंना पालीची भयंकर भीती वाटते. हे लिहावं की नाही, याचा मोठा पेच पडला होता. तिघांनी चिठ्ठीवर लिहून मग खोडलं होतं.

हॉर्नचं कडवं आधी झालं, कारण ते सगळ्यांचं होतं.

वळणावर स्कुटीचा
हॉर्न ऐकू येतो जेव्हा
गोट्या टाकून पळतो
आम्ही वर्गाकडे तेव्हा

‘हॉर्न’ची दोन अक्षरं की तीन, यावर वाद झाला. ‘र’ डोक्यावर गेला म्हणजे तो मोजायचा नाही, हे पटायला बोटांवर चार वेळा मोजून पाहावं लागलं. ‘जेव्हा-तेव्हा’ हे यमक फार सोपं आहे, हे सरांनाही जाणवलं असणार. त्यांनी ते तसंच राहू दिलं, आणि मला ते योग्य वाटतं. ती ओळ एका तिसरीतल्या मुलाची होती, आणि तो आजवर वर्गात फारसं बोललेला नव्हता.

पुराच्या कडव्याने मात्र अर्धा दिवस घेतला. शाळा आणि वस्ती यांच्या मधे ओढा आहे. एरवी त्यात घोटाभर पाणी नसतं, पण डोंगरावर पाऊस पडला की तासाभरात गढूळ पाण्याचा लोंढा येतो. त्या दिवशी शाळा सुटताना पाणी चढू लागलं होतं. बाईंनी मुलांना काठावर थांबवलं, गावातल्या दोन बापांना हाक मारून दोर आणवला, आणि दोर धरून एकेका मुलाला हाताने पलीकडे पाठवलं. त्या दिवशी बाई घरी किती वाजता पोचल्या, हे कुणाला माहीत नाही. मुलांना एवढंच आठवतं, की सगळ्यांत शेवटी काठावर त्या उभ्या होत्या.

पाणी चढलं ओढ्याला
तुम्ही थांबला काठाला
हात धरून एकेक
पोर पोचलं घराला

शेवटची ओळ आधी ‘पोर पोचवलं घराला’ अशी होती. ती नऊ अक्षरांची. एक बोट कमी पडत होतं. ‘पोचलं’ केलं की बसत होतं, पण चौथीतल्या मुलीला ते मान्य नव्हतं. “पोर आपणहून नाही पोचलं, बाईंनी पोचवलं,” ती म्हणत होती. मग सरांनी सगळं कडवं मोठ्याने म्हणून दाखवलं. वरच्या ओळींत बाई काठावर आहेत, त्यांचा हात आहे. खालच्या ओळीत पोर घरी आहे. कुणी पोचवलं ते पुन्हा सांगायची गरज उरत नाही. मुलगी थोडा वेळ ओठ हलवत राहिली आणि मग “चालंल” म्हणाली. छंदासाठी अर्थाला मुरड घालायची की छंद सोडायचा, हा पेच कविता करणाऱ्या प्रत्येकाला पडतो. तिच्यापुढे तो दहाव्या वर्षी आला आणि तिने तो म्हणून पाहून सोडवला.

वेणीचं कडवं एकाच मुलीचं आहे. हंगामात तिचे आई-वडील साखर कारखान्याकडे जातात. जोडीने काम करणाऱ्यांना तिकडे ‘कोयता’ म्हणतात आणि मुकादमाकडून घेतलेली उचल त्या कोयत्याच्या नावावर असते. मागच्या वर्षी ती आजोबांकडे राहिली. दिवसभर शाळेत, संध्याकाळी शाळेतच चालणाऱ्या हंगामी वसतिगृहात जेवण, रात्री आजोबांच्या घरी. आजोबांना वेणी घालता येत नाही. तिने लिहिलं:

आई गेली उसाला की
वेणी कोण घालणार
तुमच्याच पिशवीत
फणी, रिबिनी त्या चार

सरांची शंका रास्त होती. ‘त्या चार’ हे यमक जुळवण्यासाठी भरलेलं दिसत होतं. भरतीचा शब्द ओळखायची खूण त्यांनी मुलांना आधीच सांगितली होती: शब्द काढला आणि काहीच हरवलं नाही, तर तो भरतीचा. त्यांनी विचारलं, “चारच का? दोन वेण्यांना दोन रिबिनी लागतात.” ती म्हणाली, “चारच व्हत्या. दोन माझ्या अन् दोन धुवायला टाकलेल्या.” शब्द राहिला.

पालीचा प्रश्न शेवटपर्यंत लोंबकळत होता. निरोपाच्या दिवशी गावकरी असतील, केंद्रप्रमुख येतील, त्यांच्यासमोर बाई खुर्चीवर चढतात हे सांगायचं? सरांनी निर्णय मुलांवर सोडला. एक मुलगा म्हणाला, “आमी हसत नाही बाईंना. आमी पाल हाकलतो.” म्हणजे त्या सगळ्या प्रसंगात मुलांना आठवत होतं ते आपलं काम. बाई आपल्यासाठी सगळं करत होत्या, आणि ही एक गोष्ट अशी, जी आपण बाईंसाठी करत होतो. त्या गेल्यावर ती कोण करणार?

पाल दिसली की तुम्ही
उभ्या खुर्चीवर बाई
नव्या शाळेत पालीला
हाकलाया कोणी नाही

माझ्या मते सगळ्या कवितेतलं हे सर्वांत चांगलं कडवं. विरहाचा एक शब्दही त्यात नाही आणि तरी काळजी काठोकाठ आहे. ‘हाकलाया’ हे रूप एका मुलीच्या आजीकडून आलं. मुलांनी ‘हाकलायला’ लिहिलं होतं, ते नऊ अक्षरांचं होत होतं. शाळेच्या ओट्यावर बसलेल्या आजीने ऐकलं आणि सहज ‘हाकलाया’ म्हणाली. तिने आयुष्यभर जात्यावर ओव्या म्हटल्या आहेत. अक्षरं मोजता का, असं मी विचारलं, तर म्हणाली, “आमी कुठं मोजतो? जात्याचा फेरा सरला की ओवी सरती.” हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आजीची पिढी काव्यरचना शाळेबाहेरच शिकली. सासरी निघालेल्या लेकीला वाटेला लावायच्या ओव्या आजीला येतात. म्हणून मुलांच्या कवितेत तिला परकं काही वाटलं नाही.

खरा वाद शेवटच्या कडव्यावर झाला. मुलींनी ते आधीच करून ठेवलं होतं.

नका जाऊ, नका जाऊ
आम्ही धरतो पदर
कुणी केली ही बदली
त्याला नाही का हो घर

ओळी चांगल्या आहेत. शेवटची तर चांगलीच झोंबते. पण सर अस्वस्थ झाले. त्यांनी मुलांना समोर बसवून सांगितलं, की आदेश फिरणार नाही. बाईंना जावंच लागेल. ही ओळ ऐकून बाई थांबू शकणार नाहीत, फक्त जाणं जड होईल. “आपण त्यांना जे देऊ, ते त्यांना सोबत नेता आलं पाहिजे,” ते म्हणाले. मुलींना पटलं नाही. एकीने तर सरळ म्हटलं, “खरं तेच लिहा म्हणले ना तुमी? हे खरंच हाय.” तिचं चुकत नव्हतं. निरोपाच्या कवितेत रडायला जागा असावी की नसावी, याचं उत्तर मलाही देता आलं नसतं.

उत्तर मागच्या रांगेतून आलं. एक मुलगा दरवर्षी आई-वडिलांबरोबर फडावर जातो. त्याला सांभाळायला गावात कुणी नाही. दिवाळी झाली की त्याचं नाव हजेरीत राहतं आणि तो कर्नाटकाच्या सीमेकडे असतो. तो म्हणाला, “आमीबी जातोच की दरसाल. आमाला कुठं कोण नका जाऊ म्हणतं?” वर्गात कुणी बोललं नाही. मग सरांनी त्याला विचारलं, “तू निघतोस तेव्हा बाई काय म्हणतात?” तो म्हणाला, “पुस्तकं देतात. अन् म्हणतात, पाडव्याला ये.”

गुढीपाडव्याच्या आसपास कारखान्यांचे पट्टे बंद होत येतात आणि माणसं गावाकडे परततात. चैत्रात जत्रा असते. त्या मुलाने सांगितलेल्या दोन वाक्यांवरून मुलींनीच कडवं बदललं. मला वाटत होतं त्या रुसून बसतील, पण त्यांनी पदराचं कडवं पुसलं आणि फळ्यावर हे लिहिलं:

आम्ही उसाला जाताना
म्हणता ‘पाडव्याला या’
आता आम्ही म्हणतो की
बाई, तुम्ही जत्रेला या

सरांनी आठ बोटं मोजली. सगळ्या ओळी बसत होत्या. ‘या’ला ‘या’च जुळवलंय, हे यमक म्हणायचं का, असं मी हळूच विचारलं. ते म्हणाले, “बाईंचाच शब्द बाईंना परत द्यायचाय. दुसरा कशाला शोधू?”

म्हणून दाखवायची तालीम वेगळीच डोकेदुखी ठरली. सतरा मुलं एकदम म्हणू लागली की तिसऱ्या ओळीपर्यंत वेग वाढायचा आणि चौथी ओळ गिळली जायची. सरांनी कडवी वाटून दिली. ज्याची आठवण त्याने पहिल्या दोन ओळी म्हणायच्या, खालच्या दोन सगळ्यांनी. त्यामुळे एखाद्याचा आवाज दाटला तर बाकीचे सोळा ओळ उचलून धरतील, ही त्यामागची साधी योजना होती. ती कामाला आली. वेणीच्या कडव्याला ती मुलगी ‘वेणी कोण’ इथपर्यंतच आली. ‘घालणार’ वर्गाने म्हटलं.

कार्यक्रम शाळेच्या ओट्यावर झाला. भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं. भाषणांत सागर आणि सावली दोन्ही येऊन गेले. मग मुलं उभी राहिली. हॉर्नच्या कडव्याला बाई हसल्या. ओढ्याच्या कडव्याला त्या दिवशी दोर आणणारे दोघे बाप मागे उभे होते, त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पालीच्या कडव्याला सगळा गाव हसला आणि बाईही हसता हसता डोळे पुसू लागल्या. शेवटच्या ओळीनंतर त्या काही बोलल्या नाहीत. नंतर त्यांनी फडावर जाणाऱ्या मुलाला जवळ बोलावून विचारलं, “जत्रा कधी?” त्याने तिथी सांगितली. त्यांनी ती पर्समधल्या छोट्या डायरीत लिहून घेतली.

मध्यान्होत्तर कार्यमुक्तीच्या कागदावर सही झाली. चार्ज-यादीत रजिस्टरं, वजनकाटा, कपाटाच्या किल्ल्या, तांदळाचा साठा यांची नोंद झाली. कवितेची एक प्रत कार्डशीटवर लिहून बाईंना दिली होती. दुसरी सरांनी शाळेच्या हस्तलिखितात चिकटवली, आणि तिच्याखाली त्या सतरा चिठ्ठ्या, भागाकाराच्या हातच्यासकट.

पंधरा दिवसांनी सरांना बाईंचा फोन आला. कवितेचा कार्डशीट त्यांनी नव्या वर्गात लावला होता. तिथल्या मुलांनी तो वाचला आणि पालीच्या कडव्यापाशी अडून बसली. त्यांनी निरोप धाडला होता, तो सरांनी दुसऱ्या दिवशी परिपाठात वाचून दाखवला: “तिकडच्या पोरांना सांगा, आमच्याकडं पाली लई हायेत, पण हाकलायला आमीबी हावोत.”